पैसा होता, तांबे नव्हते

1942 सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकी सैन्यातले एक अधिकारी, केनेथ निकोल्स, वॉशिंग्टनमध्ये अर्थखात्याचे उपमंत्री डॅनियल बेल यांना भेटायला गेले. त्यांना सरकारी तिजोरीतली चांदी उसनी हवी होती. किती, असे बेल यांनी विचारले. निकोल्स यांनी पाच ते दहा हजार टनांचा आकडा सांगितला. त्यावर बेल यांनी त्यांना बजावले की अर्थखात्यात चांदी टनात मोजत नाहीत, औंसात मोजतात. कशासाठी हवी, हे मात्र निकोल्स सांगू शकत नव्हते. टेनेसी राज्यात पुढे ओक रिज म्हणून ओळखल्या गेलेल्या ठिकाणी अणुबॉम्बसाठी युरेनियमचे समस्थानिक वेगळे करणारा प्रचंड कारखाना उभा राहायचा होता. त्यातल्या अजस्र विद्युतचुंबकांवर वेटोळी घालायला धातू हवा होता. एरवी हे काम तांब्याचे. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाकडे, त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या गुप्त प्रकल्पासाठी, पुरेसे तांबे नव्हते.

अखेर वेस्ट पॉइंटच्या तिजोरीतून तेरा हजार टनांहून अधिक चांदी बाहेर निघाली. ती वितळवून तिच्या पट्ट्या झाल्या आणि चुंबकांवर चढल्या. चांदीला भोक पाडायचे असेल तेव्हा खाली कागद अंथरून भुसा गोळा केला जाई. युद्ध संपल्यावर वेटोळी उतरवली गेली, चांदी परत तिजोरीत जमा होत गेली आणि हिशेबात नगण्य तूट निघाली.

हा प्रसंग अर्थशास्त्राच्या मुळाशी नेणारा आहे. बाजारभावाने चांदी तांब्यापेक्षा कितीतरी महाग. तरीही त्या घडीला चांदी वापरणे हाच स्वस्ताचा मार्ग होता. असे का, ते समजले की टंचाई म्हणजे नेमके काय तेही समजते.

तांब्याला गिऱ्हाइके अनेक होती. पितळेची काडतुसे, तोफगोळ्यांची कवचे, विमानांतल्या आणि जहाजांतल्या तारा, रेडिओ, टेलिफोन, वीजनिर्मितीची यंत्रे या सगळ्यांना तांबे लागत होते. ओक रिजला दिलेला प्रत्येक टन यांपैकी कुणाच्या तरी तोंडचा काढून घ्यावा लागला असता. तिजोरीतली चांदी मात्र बंद दाराआड नुसती पडून होती. ती उचलल्याने एकही काडतूस कमी होणार नव्हते. एखादी वस्तू वापरताना आपण तिचा दुसरा जो चांगला उपयोग सोडून देतो, तोच तिचा खरा खर्च असतो. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. तांब्याचा संधी खर्च प्रचंड होता, चांदीचा जवळजवळ शून्य. किमतीची चिठ्ठी काही वेगळेच सांगत होती, एवढेच.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ लायनेल रॉबिन्स यांनी 1932 साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, ती याच गोष्टीवर उभी आहे. गरजा अनेक असतात आणि त्यांचे महत्त्व कमीजास्त असते. त्या भागवणारी साधने मर्यादित असतात. आणि त्या साधनांचे पर्यायी उपयोग असतात. या गोष्टी एकत्र आल्या की निवड करणे भाग पडते, आणि या निवडीचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. एखादी वस्तू थोडी आहे एवढ्याने आर्थिक प्रश्न उभा राहत नाही. तीच वस्तू दोन ठिकाणी हवी असते आणि एकाच ठिकाणी जाऊ शकते, तेव्हा तो उभा राहतो.

दोन्ही हातांत लाडू

टंचाई हा गरीब देशांचा प्रश्न आहे, श्रीमंतीबरोबर ती संपते, असा समज सार्वत्रिक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेइतकी या समजाची कसून परीक्षा क्वचितच कुठे झाली असेल. म्हणून हे प्रकरण त्याच देशाभोवती फिरणार आहे.

सुरुवातीचे दृश्य मात्र टंचाईच्या सिद्धांताला खोटे पाडणारे वाटते. 1940 साली अमेरिका महामंदीतून पुरती सावरलेली नव्हती. सरकारी गणतीनुसार काम करू शकणाऱ्या दर शंभरांतले चौदा-पंधरा जण बेकार होते. कारखान्यांतली कितीतरी यंत्रे धूळ खात उभी होती. अशा वेळी युरोपातल्या युद्धामुळे शस्त्रांच्या मागण्या येऊ लागल्या, तेव्हा बेकार माणसे कामावर घेतली गेली आणि थंडावलेल्या भट्ट्या पेटल्या. 1941 साली शस्त्रांचे उत्पादन वाढत असतानाच देशात तीस लाखांहून अधिक मोटारीही तयार झाल्या. दोन्ही हातांत लाडू होते. एक घेण्यासाठी दुसरे सोडावे लागत नव्हते.

याचा अर्थ नीट लावायला हवा. साधने रिकामी पडलेली असतात, तेव्हा अर्थव्यवस्था आपल्या क्षमतेच्या बरीच आत वावरत असते. तेव्हा एखादी गोष्ट वाढवायला दुसरी कमी करावी लागत नाही, फक्त रिकामे हात कामाला लावावे लागतात. मंदीत सरकारने खर्च केला की त्यातून जवळजवळ फुकट उत्पादन मिळते, ते यामुळेच. पण ही सवलत तात्पुरती असते. रिकामे हात संपले की अर्थव्यवस्था क्षमतेच्या सीमेला भिडते आणि तिथून पुढे प्रत्येक वाढीव वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यातच मिळते. अमेरिका या सीमेला 1942 साली भिडली.

पहिला क्रमांक सगळ्यांनाच

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर महिनाभरात, 6 जानेवारी 1942 रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काँग्रेसपुढे उद्दिष्टे जाहीर केली. 1942 मध्ये 60 हजार विमाने, 45 हजार रणगाडे. 1943 मध्ये 1 लाख 25 हजार विमाने, 75 हजार रणगाडे. शिवाय विमानवेधी तोफा आणि लाखो टन मालवाहू जहाजे. 1939 साली याच देशाने जेमतेम दोन-अडीच हजार लष्करी विमाने बनवली होती. आकडे लोकांना हुरूप देणारे होते आणि शत्रूला धडकी भरवणारेही. पण ते ठरवताना कुणी पोलाद, तांबे आणि कामगार मोजून पाहिले नव्हते.

त्याच महिन्यात युद्ध उत्पादन मंडळ स्थापन झाले. त्याच्या प्रमुखपदी डोनाल्ड नेल्सन आले. ते मूळचे सीअर्स रोबक या बड्या विक्री कंपनीतले अधिकारी. फेब्रुवारीत नागरिकांसाठी मोटारी बनवणे पूर्ण थांबले. मोटारींचे कारखाने रणगाडे, ट्रक आणि विमानांच्या कामाला लागले. ही निवड तुलनेने सोपी होती, कारण एका बाजूला मोटार होती आणि दुसऱ्या बाजूला रणगाडा. कठीण निवड त्यानंतर आली. रणगाडा की जहाज, जहाज की विमान, अशी ती होती आणि त्यात दोन्ही बाजूंना युद्धच होते.

यावर सुरुवातीला जो उपाय योजला गेला, तो कागदावर अगदी शहाणपणाचा दिसत होता. प्रत्येक मागणीला अग्रक्रमाचे प्रमाणपत्र द्यायचे. ‘ए-वन-ए’ सर्वांत वरचे, मग ‘ए-वन-बी’, असे ‘ए-वन-जे’पर्यंत. कारखानदाराने वरच्या क्रमांकाची मागणी आधी पुरी करायची. अडचण अशी झाली की क्रमांक देणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना आपली प्रत्येक मागणी निकडीचीच वाटे, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. हळूहळू वरच्या क्रमांकांच्या मागण्याच उपलब्ध पोलादापेक्षा जास्त झाल्या. मग 1942 च्या जूनमध्ये ‘ए-वन-ए’च्याही वर ‘डबल ए’चे नवे क्रमांक आले, आणि अगदीच आणीबाणीसाठी ‘ट्रिपल ए’. नोटा भरमसाट छापल्या की पैशाची किंमत उतरते, तशी अग्रक्रमांची किंमत उतरत गेली.

अग्रक्रमाच्या या पद्धतीत मुळातच एक खोट होती. अग्रक्रम फक्त रांगेतली जागा सांगतो, कुणाला किती मिळणार ते सांगत नाही. पुढच्याचे पोट किती मोठे आहे याला मर्यादा नसेल, तर मागच्याला काहीच उरत नाही. आणि मागचा बिनमहत्त्वाचा असतो असेही नाही. तांब्याच्या खाणीतले यंत्र तोफेच्या मागे उभे राहिले, तर उद्याच्या तोफगोळ्याचे तांबेच जमिनीत राहते.

तांब्याची ओढाताण इतकी वाढली की 1942 च्या ऑक्टोबरमध्ये मंडळाने सोन्याच्या खाणी बंद करण्याचा हुकूम काढला. सोने काढणारे हात आणि यंत्रे तांब्याकडे वळावीत, हा हेतू. पुढच्या वर्षी एक सेंटचे नाणेही तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले गेले. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. अमेरिकेत उलट झाले होते. पैसा हवा तेवढा उभा करता येत होता, सोंग आणता येत नव्हते ते तांब्याचे.

कुझनेट्स यांचा हिशेब

मंडळाच्या नियोजन समितीत रॉबर्ट नेथन आणि सायमन कुझनेट्स हे दोन अर्थशास्त्रज्ञ होते. कुझनेट्स जन्माने रशियन साम्राज्यातले. अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची शिस्तशीर पद्धत त्यांनी 1930 च्या दशकात घालून दिली होती. पुढे 1971 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नेथन त्यांचेच विद्यार्थी. देश एका वर्षात एकूण किती उत्पादन करू शकतो, हे ज्यांना आकड्यांत सांगता येत होते अशा मोजक्या माणसांपैकी हे दोघे होते.

कुझनेट्स यांनी मागणी आणि क्षमता समोरासमोर मांडली. त्यांची पद्धत समजायला अवघड नाही. लष्कर, नौदल, जहाजबांधणी, मित्रराष्ट्रांना द्यायचा माल आणि नवे कारखाने या सगळ्यांच्या मागण्या एकाच कोष्टकात आणायच्या. मग त्यांना लागणारा कच्चा माल, यंत्रसामग्री आणि कामगार यांची बेरीज करायची. शेवटी ही बेरीज देशाच्या वाढू शकणाऱ्या क्षमतेशी ताडून पाहायची, आणि तीही नुसती वर्षाअखेरची नव्हे, तर महिन्यामागून महिना. एकेका खात्याने आपापली मागणी वेगळी पाहिली, तर ती शक्य कोटीतली वाटे. सगळ्या एकत्र ठेवल्या की अशक्य ठरत. 1943 साठी लष्करी कार्यक्रम सुमारे 93 अब्ज डॉलरचा होता. कुझनेट्स यांच्या हिशेबाने तो झेपणारा नव्हता.

तो तसाच रेटला असता तर काय झाले असते? उद्दिष्ट मोठे ठेवले तर निदान होईल तेवढे तरी जास्तीत जास्त होईल, असे लष्करी अधिकाऱ्यांना वाटत होते. हे वाटणे अगदी साहजिक आहे, म्हणूनच त्यातली चूक नीट पाहायला हवी. शंभर रणगाड्यांचे पोलाद असताना दीडशे रणगाडे सुरू केले, तर शंभर पूर्ण आणि पन्नास अपूर्ण असे होत नाही. कुठे सांगाडा आहे पण इंजिन नाही, कुठे इंजिन आहे पण तोफ नाही, असे कितीतरी रणगाडे अर्धवट उभे राहतात. पूर्ण झालेले शंभरापेक्षा बरेच कमी भरतात. ज्याच्या त्याच्या गोदामात उद्या लागेल म्हणून माल दडवला जातो, आणि दुसरीकडे त्याच मालावाचून काम अडते. एक ना धड, भाराभर चिंध्या.

त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये हे प्रत्यक्ष घडता घडता टळले. बोटी बांधण्यात नाव कमावलेले अँड्र्यू हिगिन्स यांना 1942 च्या वसंतात 200 लिबर्टी जहाजांचे कंत्राट मिळाले होते. त्यासाठी नवी प्रचंड गोदी उभारायचे काम सुरू झाले. जुलैत सरकारने ते कंत्राट रद्द केले. लोक खवळले. पाणबुड्या रोज मालवाहू जहाजे बुडवत असताना जहाजांचा कारखाना बंद करतात म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न. पण आधीच्या गोद्यांचा वेग इतका वाढला होता की मिळेल तेवढे पोलादी पत्रे त्या एकट्याच संपवू शकत होत्या. समजा, वर्षाला शंभर जहाजांपुरते पत्रे मिळतात आणि जुन्या गोद्या शंभर जहाजे बांधू शकतात. नवी गोदी उभारायलाच पाच जहाजांचे पोलाद लागले, तर त्या वर्षी जहाजे पंच्याण्णव होतील. अडलेली गोष्ट पोलाद असेल, तर गोद्या वाढवून जहाजे वाढत नाहीत. कुठलेही उत्पादन वाढवण्याआधी नेमके काय अडले आहे ते शोधावे लागते. अडलेली गोष्ट सोडून दुसरेच काही वाढवले, तर ते फुकट जाते.

कुझनेट्स यांचा अहवाल लष्कराच्या पुरवठा विभागाचे प्रमुख जनरल सॉमरव्हेल यांच्याकडे गेला. त्यांनी सप्टेंबरमध्ये दिलेले उत्तर इतिहासात नोंदले गेले आहे. हे अहवाल विचारी माणसांच्या नजरेपासून काळजीपूर्वक लपवून ठेवावेत, अशी शिफारस त्यांनी केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समोरासमोर बैठक झाली आणि खडाजंगी उडाली. पण बेरीज कुणालाच खोडून काढता आली नाही. अखेर लष्करप्रमुखांनी 1943 चा कार्यक्रम सुमारे 80 अब्ज डॉलरपर्यंत खाली आणला. रणगाड्यांना मोठी कात्री लागली. विमानांचे उत्पादन वाढत राहिले. 1942 मध्ये 60 हजारांऐवजी सुमारे 48 हजार विमाने झाली होती, 1943 मध्ये ती 85 हजारांच्या वर गेली. 1 लाख 25 हजारांचा आकडा कधीच गाठला गेला नाही. गाठायचाच असता, तर दुसरे काय सोडायचे ते कुणाला तरी सांगावे लागले असते.

बेरीज करणारी पद्धत

1942 च्या नोव्हेंबरमध्ये मंडळाने अग्रक्रमांच्या घोळावर खरा उपाय जाहीर केला. फर्डिनंड एबरस्टाट यांनी आखलेली ही योजना पुढच्या वर्षी टप्प्याटप्प्याने लागू झाली. पोलाद, तांबे आणि ॲल्युमिनियम या तीनच धातूंवर तिचा भर होता, कारण हे तीन हातात असले की बाकी जवळजवळ सगळे आपोआप ताब्यात येत होते. दर तीन महिन्यांना या धातूंचा एकूण पुरवठा किती ते ठरे. मग भूदल, नौदल, जहाजबांधणी, मित्रराष्ट्रांची मदत, नागरी गरजा अशा मोजक्या दावेदारांत तो टनांमध्ये वाटला जाई. नागरी गरजांनाही रांगेत स्वतःची जागा होती, कारण रेल्वे आणि शेतीची अवजारे मोडून पडली तर युद्धही थांबले असते. आपल्या वाट्यातून रणगाडे करायचे की ट्रक, ते ज्याचे त्याने ठरवायचे. वाटा संपला की संपला.

फरक लहान दिसतो, पण सगळे त्यातच आहे. अग्रक्रमात प्रत्येक जण आपली गोष्ट महत्त्वाची आहे एवढेच सांगत होता. वाट्यात त्याला आपल्याच दोन महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक सोडावी लागत होती. टंचाईची किंमत निवडणाऱ्याच्याच खिशातून जाऊ लागली की निवड शहाणपणाची होते.

पण पद्धत सुधारली म्हणून निवड टळली नाही. नव्या रबरकारखान्यांना, विमानांच्या उच्च दर्जाच्या इंधनाच्या कारखान्यांना आणि पाणबुड्यांचा पाठलाग करणाऱ्या नौकांना एकाच जातीच्या झडपा आणि यंत्रे लागत. ती पुरत नव्हती, आणि तिन्ही कामे अनिवार्य म्हणून घोषित झालेली होती. जपानने मलाया आणि इंडोनेशियाची बेटे घेतल्यामुळे नैसर्गिक रबराचा जवळजवळ सगळा पुरवठा तुटला होता. म्हणूनच डिसेंबर 1942 पासून अमेरिकाभर पेट्रोलचे रेशनिंग आले. पेट्रोल देशात मुबलक होते. वाचवायचे होते ते टायर. माणसे गाड्या कमी चालवतील तर रबर टिकेल, हा त्यामागचा हिशेब.

आणि 1944 साली, उत्पादन शिखरावर असतानाही, नॉर्मंडी आणि दक्षिण फ्रान्स या दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी सैन्य उतरवण्याइतक्या अवतरण नौका मित्रराष्ट्रांकडे नव्हत्या. नॉर्मंडीत सैन्य 6 जूनला उतरले, दक्षिण फ्रान्समध्ये 15 ऑगस्टला. जगाने तोवर पाहिलेल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक यंत्रणेलाही आधी हे आणि मग ते असेच करावे लागले.

शांततेच्या काळात

युद्धात ही निवड कागदावर, बैठकीत आणि हमरीतुमरीवर येऊन होत होती, म्हणून ती आपल्याला दिसते. शांततेच्या काळात ती बहुतेक वेळा किमतींमधून होते. तांब्याचा भाव चढतो, मग नळ बनवणारा प्लॅस्टिककडे वळतो, भंगारवाला जुनी तार शोधत फिरतो आणि खाणमालक हलक्या प्रतीचे खनिजही उकरू लागतो. कुणी कुणाला हुकूम देत नाही. पण कुणीतरी काहीतरी सोडतेच. ज्याच्या खिशात कमी, त्याला आधी सोडावे लागते, हा किमतींच्या मार्गाचा दोष आहे. म्हणूनच औषधे किंवा पाणी यांसारख्या गोष्टींची वाटणी बहुतेक समाज नुसत्या किमतीवर सोडत नाहीत. वाटणीची पद्धत बदलता येते. वाटणी टाळता येत नाही.

श्रीमंतीने यात नक्की काय बदलते? साधने वाढतात आणि सीमा पुढे सरकते. पोट भरण्यासाठी जे सोडावे लागे, ते आता सोडावे लागत नाही. हा बदल फार मोठा आहे आणि त्याला कमी लेखू नये. पण सीमेबरोबर अपेक्षाही सरकतात, आणि काही साधने श्रीमंतीने वाढतच नाहीत. परिचारिकेचा दिवस चोवीस तासांचाच राहतो. शहराच्या मधोमध असलेल्या एका भूखंडावर एक तर रुग्णालय होते किंवा निवासी मनोरा.

म्हणून सरकारने किंवा महापालिकेने एखादी मोठी योजना जाहीर केली की ‘पैसा कुठून येणार’ एवढे विचारून थांबू नका. पैसा कर्जानेही येतो. तिला लागणारे सिमेंट, अभियंते, जमीन आणि पाणी आज कुठे गुंतलेले आहेत आणि तिथून ते काढल्यावर काय अर्धवट राहील, हे विचारा. एकाच वेळी दहा कामांना पहिला अग्रक्रम दिला जातो आणि अर्धवट बांधकामे वाढत जातात, तेव्हा समजा की निवड झालेली नाही, फक्त लांबणीवर पडली आहे. आणि लांबवलेली निवड नेहमी महाग पडते.